मेंबरशिप बंद केली तरी पैसे कापले जातायत? पुढचा हप्ता नेमका कधी थांबतो, ते असं शोधा

नाशिक रोडला आमचं मोबाईल रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. यूट्यूबवरच्या एखाद्या कीर्तनकाराला, चित्रकाराला, पॉडकास्टवाल्याला दर महिन्याला थोडे पैसे देणारे लोक आता घरोघरी आहेत. सुरू करताना कोणी दुकानात येत नाही, कारण ते दोन बटणांत होतं. येतात ते बंद करायला. त्यातही बहुतेक जण स्वतः एकदा बंद करून झाल्यावर येतात: "ताई, मी तर बंद केलं होतं, मग परत कसे गेले?" बिघाड बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी सापडतो, म्हणून तपासायचा क्रम इथे लिहून ठेवते. पहिल्या तपासण्या फुकट आणि घरबसल्या होणाऱ्या आहेत, बँकेच्या पायऱ्या चढायला लावणाऱ्या शेवटी ठेवल्या आहेत.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते आधी ठरवा.

- चॅनल अनसबस्क्राइब केलं, ॲपही काढून टाकलं, तरी दर महिन्याला तीच रक्कम जाते.
- रद्द केल्याचा मेल आला, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पैसे गेले.
- रद्द करायला बसलात, पण बटणच दिसत नाही.
- महिनाअखेरीला सभासद झालात आणि चार दिवसांत दोनदा पैसे गेले.
- रद्द केलं, पण नावापुढचा बॅज आणि फक्त सभासदांसाठीचे व्हिडिओ अजून दिसतायत.
- यूपीआय ॲपमध्ये १५,००० रुपयांचं मँडेट, म्हणजे दर महिन्याला पैसे घेण्याची परवानगी, दिसतंय आणि झोप उडालीय.

शेवटची दोन लक्षणं बिघाडाची नाहीत, ती इथेच मिटवू. महिन्याचे पैसे आधी घेतलेले असतात, त्यामुळे तो महिना संपेपर्यंत बॅज आणि व्हिडिओ चालू राहणारच. उरलेल्या दिवसांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, त्या बदल्यात ते दिवस वापरायला मिळतात. आणि १५,००० ही कापली जाणारी रक्कम नाही, ती कमाल मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ सालच्या नियमानुसार एवढ्या रकमेपर्यंतचा पुढचा प्रत्येक हप्ता ओटीपी किंवा पिन न मागता घेता येतो. म्हणून बरेच व्यापारी मँडेट बनवतानाच तेवढा आकडा टाकून ठेवतात. महिना १५९ रुपये देणाऱ्याचे १५९च जातात.

एकाच गोष्टीला तीन जागी बटणं

हे डोक्यात बसलं की पुढच्या तपासण्या सोप्या जातात. एक आहे मेंबरशिप, म्हणजे तुमचं आणि त्या कलाकाराच्या पानाचं नातं. दुसरा आहे पैसे वसूल करणारा: गूगल, ॲपल, कलाकारांना दर महिन्याला पैसे देण्याची पेट्रिऑन ही वेबसाइट किंवा एखादी पेमेंट कंपनी. तिसरं आहे मँडेट, म्हणजे वसुली करणाऱ्याला "दर महिन्याला घेत जा" अशी तुम्ही बँकेमार्फत दिलेली परवानगी.

अनसबस्क्राइब केल्याने या तिन्हींतलं काहीच बंद होत नाही. त्याने फक्त नवीन व्हिडिओची सूचना थांबते. ॲप उडवल्यानेही काही होत नाही, आणि हे गूगल आणि ॲपल दोघांच्याही मदतीच्या पानांवर लिहिलेलं आहे. कलाकाराला मेसेज करून "पुढच्या महिन्यापासून नको" म्हणणं ही सौजन्याची गोष्ट झाली, पण तुमचं मँडेट त्याच्या हातात नसतं.

तपासणी १: पैसे नेमके कोणी नेले?

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि नेमकी हीच तपासणी लोक टाळतात. बँकेचं पासबुक किंवा यूपीआय ॲपमधला व्यवहार उघडा आणि शेवटच्या दोन हप्त्यांपुढे कोणाचं नाव आहे ते वाचा. त्या कलाकाराचं नाव शोधू नका, ते तिथे बहुधा नसतंच. गूगल, ॲपल, पेट्रिऑन किंवा पेमेंट कंपनीचं नाव असेल.

बटण कुठे शोधायचं ते या नावावरून ठरतं. मेंबरशिप यूट्यूबची असली, तरी ती आयफोनच्या ॲपमधून घेतली असेल तर वसुली ॲपल करतं आणि बंदही ॲपलकडेच करावी लागते. तिसऱ्या लक्षणातलं "बटणच नाही" हे बहुतेक वेळा यामुळेच होतं. पेट्रिऑनचंही तसंच: आयफोनच्या ॲपमधून ॲपलमार्फत घेतलेली मेंबरशिप ॲपलच्या यादीत सापडते.

नाव पाहतानाच तारीखही टिपून ठेवा. मात्र पासबुकातली तारीख आणि मेंबरशिपची तारीख एकच असेल असं नाही. ॲपल कधीकधी दोन-तीन खरेद्या एकत्र करून थोड्या दिवसांनी पैसे घेतं. क्रेडिट कार्डावर व्यवहार आधी "प्रलंबित" दिसतो आणि नोंद नंतर होते. म्हणून खरी तारीख मेलवर आलेल्या पावतीतून घ्या. १९ तारखेच्या नूतनीकरणाचे पैसे २१ला गेलेले दिसले आणि तुम्ही २०ला रद्द केलेलं असलं, तर "रद्द करूनही कापले" असं वाटतं. प्रत्यक्षात तो आधीचाच हप्ता असतो.

तपासणी २: तुम्ही योग्य खात्यात आहात का?

एका फोनवर दोन-तीन जीमेल खाती असणं आता नेहमीचं झालंय: एक स्वतःचं, एक कॉलेजचं किंवा कंपनीचं, एक मुलाने उघडून दिलेलं. मेंबरशिप एका खात्यावर आणि तुम्ही शोधताय दुसऱ्यावर, असं असेल तर यादी रिकामी दिसते. मग माणूस समजतो की बंदच आहे.

पावतीचा मेल ज्या पत्त्यावर आला, त्याच खात्याने लॉगिन करा. मग ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका:

```
youtube.com/paid_memberships
```

तिथे काही दिसलं नाही, तर उजवीकडच्या फोटोवर दाबून खातं बदला. तुमचं स्वतःचं चॅनल असेल तर त्याच्या नावाचं वेगळं खातंही तपासा. द्राक्षांच्या फवारणीवर व्हिडिओ करणाऱ्या आमच्या दिंडोरीच्या एका गिऱ्हाइकाची मेंबरशिप त्याच्या जीमेलवर नव्हती, त्याच्या चॅनलच्या नावावर होती.

एक छोटी बाब. कोणी तुम्हाला मेंबरशिप भेट दिली असेल, तर ती महिन्याभराने आपोआप संपते आणि तुमचे पैसे जात नाहीत. ती बंद करायची धडपड नको.

तपासणी ३: बंद करा, आणि शेवटच्या पडद्यावरची तारीख वाचा

यूट्यूबच्या वरच्या पानावर त्या चॅनलपुढे `Manage membership`, मग `Deactivate`, मग `End membership` असा क्रम येतो. गूगल प्लेच्या वसुलीसाठी प्ले स्टोअरमध्ये फोटोवर दाबून `Payments & subscriptions`, त्यात `Subscriptions`. आयफोनवर सेटिंग्ज, वरचं स्वतःचं नाव, `Subscriptions`. पेट्रिऑनवर सेटिंग्जमधलं `Memberships`.

मधे "जाऊ नका, कमी दरात राहा, थोडे दिवस थांबवून ठेवा" असे एक-दोन पडदे येतात. कित्येक जण तिथेच काम झालं समजून फोन बंद करतात. बाहेर पडायची वाट मुद्दाम अवघड करणं याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत सबस्क्रिप्शनचा सापळा म्हणून नोंदवलं आहे आणि ते मना केलं आहे. तरी बटण शेवटपर्यंत दाबणं तुमच्याच हातात आहे. काही ठिकाणी `Pause` हाही पर्याय येतो. त्याने मेंबरशिप संपत नाही, ठरलेल्या मुदतीनंतर वसुली पुन्हा सुरू होते.

काम खरंच झालं का, ते शेवटी येणाऱ्या तारखेवरून कळतं. "अमुक तारखेला संपेल" असं वाक्य दिसलं, तर झालं. "अमुक तारखेला नूतनीकरण" असं दिसलं, तर झालेलं नाही. आयफोनवर याची एक खूण आहे: `Cancel` बटण गायब आणि संपण्याची तारीख लाल अक्षरांत असेल, तर ती आधीच रद्द झालेली आहे. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढा, त्यात तारीख आणि खात्याचं नाव दोन्ही येऊ द्या. पुढे भांडायची वेळ आली तर हाच कागद चालतो.

तुमचं खरं उत्तर ही तारीखच आहे. "१९ एप्रिलला संपेल" याचा अर्थ शेवटचा हप्ता १९ मार्चचा होता आणि १९ एप्रिलला काही जाणार नाही. पण १७ मार्चला रद्द करूनही पडद्यावर १९ एप्रिल दिसत असेल, तर १९ मार्चचा हप्ता प्रक्रियेत गेलेला आहे असं धरून चला आणि पुढची तपासणी लगेच करा.

तपासणी ४: आदल्या दिवशीचा मेसेज

"मी तर आदल्या रात्री रद्द केलं होतं" असं म्हणणाऱ्यांसाठी ही तपासणी आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप जाणाऱ्या हप्त्याची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला द्यावी लागते. त्यात व्यापाऱ्याचं नाव, रक्कम आणि कापण्याची तारीख असते. हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडकपणे लागू झाला, तेव्हा बऱ्याच लोकांचे हप्ते अचानक बंद पडले होते, आठवत असेल. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की १९ तारखेचा हप्ता १९ला सुरू होत नाही. त्याची मागणी निदान एक दिवस आधी बँकेकडे गेलेली असते. तुम्ही १८च्या रात्री मेंबरशिप रद्द केलीत, तर तुमचा निरोप आणि आधीच निघालेली मागणी यांची रस्त्यात चुकामूक होऊ शकते.

म्हणून नूतनीकरणाच्या निदान तीन दिवस आधी रद्द करा, असंच मी सगळ्यांना सांगते. ॲपल स्वतः एक दिवस आधीची अट सांगतं, मी त्यात दोन दिवस जास्त धरते. घाईने आधी रद्द करून नुकसान काही नाही, कारण भरलेला महिना पुरा वापरायला मिळतोच. तारीख जवळ येईपर्यंत वाट बघण्यात शहाणपणा नाही, आज ठरवलं असेल तर आजच करा.

तारीख उलटायच्या आत मेसेज आलाच, तर? तरीही एक दार उघडं असतं. त्याच नियमात ग्राहकाला तो एक हप्ता किंवा सगळं मँडेट नाकारायची सोय द्यायला सांगितलं आहे. कार्ड असेल तर बँकेच्या नेटबँकिंगमध्ये किंवा कार्ड मँडेटच्या पानावर, यूपीआय असेल तर ॲपच्या ऑटोपेमध्ये. मात्र मेसेजमधल्या लिंकवर दाबून तिथे जाऊ नका. अगदी तसेच दिसणारे खोटे मेसेज फिरतात. बँकेचं ॲप स्वतः उघडा आणि आत जाऊन शोधा.

पैसे थांबल्याची पहिली चाहूलही याच मेसेजवरून लागते. संपण्याच्या तारखेच्या आधीचे दोन दिवस तो आला नाही, तर गोष्टी बरोबर चालल्यात. पण मेसेज जुन्या नंबरवर किंवा न उघडणाऱ्या मेलवर जात असू शकतो, तेव्हा खात्री पासबुकावरूनच करा.

पंचवटीच्या काकूंचं प्रकरण

हे सगळं एकत्र कसं येतं, ते एका खऱ्या उदाहरणावरून बघा. पंचवटीच्या एक काकू एका अभंग शिकवणाऱ्या चॅनलला महिना १५९ रुपये देत होत्या. शिकून झालं, गुडघ्याच्या दुखण्यात वर्गही सुटले. त्यांनी चॅनल अनसबस्क्राइब केलं. पैसे जात राहिले. नातवाने यूट्यूबचं ॲप काढून पुन्हा टाकून दिलं. पैसे जात राहिले. मग त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "बाई, चॅनलवाल्यालाच फोन लावून दे, चांगला माणूस आहे तो."

त्याला फोन लावून उपयोग नव्हता. आम्ही आधी पासबुक बघितलं. नाव ॲपलचं. पण काकूंच्या हातात अँड्रॉइड फोन! विचारल्यावर कळलं की मेंबरशिप घेतली तेव्हा त्या मुलाचा जुना आयफोन वापरत होत्या. तो फोन पुढे मुलाकडे परत गेला, पण ॲपलच्या खात्याला ऑटोपे जोडलं होतं ते काकूंच्या बँक खात्याचं. म्हणजे वसुली मुलाच्या ॲपल खात्यावर आणि पैसे आईचे.

मुलगा पुण्याला असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन आयफोनच्या `Subscriptions` यादीत जायला सांगितलं. तिथे दोन गोष्टी होत्या: यूट्यूबच्या त्या चॅनलची मेंबरशिप, पुढचं नूतनीकरण १९ तारखेला, आणि ७५ रुपयांचं आयक्लाउड, मुलाच्या फोटोंसाठी. त्या दिवशी १५ तारीख होती. मेंबरशिप रद्द केली, लाल अक्षरांत १९ तारीख आली, स्क्रीनशॉट मागवला.

काकूंना लगेच मँडेटही उडवून टाकायचं होतं. ते मी करू दिलं नाही. एकाच मँडेटवर आयक्लाउडही चालत होतं. ते तोडलं असतं तर मुलाची जागा भरून त्याचा बॅकअप थांबला असता, आणि कारण कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मुलाने आधी स्वतःची पैसे भरण्याची पद्धत जोडली, आयक्लाउडचे पैसे एकदा त्याच्या खात्यातून गेलेले पाहिले, आणि मग काकूंच्या यूपीआय ॲपमधून जुनं मँडेट काढलं. १९ला काही गेलं नाही. ॲपल उशिरा पैसे घेऊ शकतं म्हणून आठवडाभर थांबून पासबुक पुन्हा बघितलं, तेव्हाही नोंद नव्हती.

तपासणी ५: पेट्रिऑनची एक तारीख

चौथं लक्षण, म्हणजे चार दिवसांत दोनदा पैसे, हे बहुतेक वेळा पेट्रिऑनच्या जुन्या पद्धतीमुळे दिसतं. काही कलाकारांच्या पानावर वसुली तुम्ही सभासद झालात त्या तारखेला होते. काहींच्या पानावर सगळ्यांची वसुली महिन्याच्या १ तारखेला होते. या दुसऱ्या प्रकारात कलाकाराने "आधी पैसे, मग प्रवेश" असं ठेवलेलं असेल, तर २८ तारखेला सभासद झालेल्याचे २८ला पैसे जातात आणि १ला पुन्हा जातात. सामील होताना ते लिहिलेलं असतं, वाचतं कोण! अशा पानावर कलाकाराला विनवणी करणं मात्र वाया जात नाही, कारण पेट्रिऑनवर कलाकार स्वतः पैसे परत करू शकतो. यूट्यूबवर त्याला तसं करता येत नाही.

इथे घड्याळाचाही एक गुंता आहे. पेट्रिऑनची १ तारीख अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार धरतात. तिथे रात्रीचे १२ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. म्हणून १ तारखेला सकाळी आपल्याकडे काहीच घडत नाही, माणूस निर्धास्त होतो आणि दुपारनंतर पैसे जातात. उलट बाजूने, "मला १ तारखेची सकाळ अजून हातात आहे" असा हिशोब करून थांबू नका. कार्डावर आदल्या दिवसाच्या सूचनेचं जे वर सांगितलं, ते इथेही आहेच. २८ तारखेच्या आत उरका.

रद्द केल्यावरही त्या पानाचे मेल येत राहिले तर घाबरू नका. पैसे देणारा सभासद गेला तरी फुकटचा सभासद म्हणून नाव राहू शकतं. पैशांची खात्री मेलवरून करू नका, सेटिंग्जमधला `Billing history` बघा.

तपासणी ६: मँडेट

हे शेवटी, कारण इथे चुकलं तर दुसऱ्याच गोष्टी बंद पडतात. गूगल प्लेचं एक मँडेट असेल तर त्यावर मेंबरशिप, ड्राइव्हची जागा, मुलांचं एखादं ॲप असं सगळं चालत असू शकतं.

मेंबरशिप तशीच ठेवून नुसतं मँडेट तोडणं हा अर्धा उपाय आहे. वसुली करणाऱ्याच्या वहीत तुम्ही सभासदच राहता, फक्त पैसे थकलेले दिसतात. काही दिवसांनी तुम्ही वेगळ्याच खरेदीसाठी नवं कार्ड किंवा यूपीआय जोडता आणि थांबलेली मेंबरशिप त्यावर पुन्हा सुरू होऊ शकते. खात्यात पैसे न ठेवणं हाही उपाय नाही. एकदा फसलेला हप्ता पुन्हा मागितला जातो, आणि नेमका पगार जमा झाल्यावर जातो. कार्ड ब्लॉक करणाऱ्यांचीही हीच गत.

म्हणून क्रम असा: आधी मेंबरशिप बंद, मग संपण्याची तारीख उलटू द्या, मग त्या मँडेटवर दुसरं काही नाही याची खात्री करा, आणि त्यानंतर ते काढा. यूपीआय ॲपमध्ये स्वतःच्या फोटोखाली `Autopay` सापडतं. चालू मँडेटवर दाबून रद्द करताना यूपीआय पिन लागतो. यादी रिकामी दिसली तर सुरू करताना कोणतं ॲप वापरलं होतं ते आठवा. मँडेट यूपीआय आयडीला बांधलेलं असतं, म्हणून ज्या ॲपमध्ये मंजुरी दिली तिथेच आधी बघा. मँडेटच्या तपशिलात एक लांबलचक क्रमांक दिसतो, त्याला यूएमएन म्हणतात. तो लिहून ठेवा, बँक तोच विचारते.

याला एकच अपवाद. काही कलाकार पेमेंट कंपनीच्या लिंकवरून थेट ऑटोपे घेतात, मेंबरशिपचं वेगळं पान नसतंच. तिथे मँडेट रद्द करणं हीच मेंबरशिप रद्द करणं. तेवढं केल्यावर कलाकाराला एक मेल टाका, म्हणजे तो थकबाकीच्या आठवणी पाठवत बसणार नाही.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

"संपेल" अशी तारीख दाखवणारा स्क्रीनशॉट तुमच्याकडे आहे, पावतीची तारीख त्या तारखेनंतरची आहे, आणि तरी पैसे गेले. असं असेल तर आता फोनमध्ये खटपट करू नका. आधी वसुली करणाऱ्याकडे परतावा मागा. ॲपलसाठी ते पान असं:

```
reportaproblem.apple.com
```

गूगल प्लेचा परतावा प्ले स्टोअरमधल्या खरेदीच्या नोंदीवरून मागता येतो. तो व्यवहारानंतर दोन दिवसांत मागितला तर काम सोपं जातं.

तिथे नकार मिळाला की बँकेत लेखी तक्रार द्या. नुसतं काउंटरवर सांगून येऊ नका, तक्रारीचा क्रमांक घ्या. सोबत स्क्रीनशॉट, पावती आणि यूएमएन जोडा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते, त्यासाठी फी नाही. त्यांचा मदतीचा नंबर १४४४८. रद्द करायचं बटणच दिलेलं नाही अशी तक्रार असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पासबुकातलं नाव ओळखीचंच नसेल, किंवा तुम्ही कधी दिलीच नाही अशी मंजुरी दिसत असेल, तर हा मेंबरशिपचा प्रश्न नाही. वरच्या तपासण्या सोडा, लगेच बँकेच्या कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी कमीत कमी राहते, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ सालचा नियम आहे.

आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून लावू नका. सिडकोतल्या एका गिऱ्हाइकाने तसा नंबर लावला, समोरच्याने स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं. महिन्याचे ८९ रुपये थांबवायला गेलेला माणूस खातं रिकामं करून बसणार होता, मुलीने वेळेत फोन हिसकावला म्हणून वाचला. परताव्यासाठी कोणी पिन, ओटीपी किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगत असेल, तर फोन ठेवून द्या. पैसे परत यायला यातलं काहीच लागत नाही.